सल्लागाराचं नेमणूकपत्र: सही करण्याआधी काम मध्येच थांबल्याचा हिशेब मांडून बघा

प्रश्न: १८ वर्षं अन्नप्रक्रिया कंपन्यांच्या क्वालिटी विभागात काढली, यंदा नोकरी सोडली. तासगावजवळच्या एका बेदाणा युनिटचं आयएसओ २२००० या अन्नसुरक्षा मानकाचं काम मिळतंय, माझं पहिलंच स्वतंत्र काम. माझ्या अंदाजाने ४० दिवस जातील, पाच-सहा महिन्यांत पसरलेले. मालकांनी एकपानी पत्र पाठवलंय: फी ४ लाख ८० हजार, सर्व करांसह, ३० टक्के आगाऊ, ७० टक्के सर्टिफिकेट हातात आल्यावर, तयार होणाऱ्या सर्व कागदपत्रांची मालकी कंपनीची, कंपनी ७ दिवसांच्या नोटिशीवर काम कधीही थांबवू शकते. माणसं चांगली आहेत. सही करू की काही बदलून मागू?

उत्तर: या पत्रावर सही करू नका, पण काम सोडूही नका. माणसं चांगली आहेत यावर माझा विश्वास आहे. असली पत्रं लबाडीने लिहिली जात नाहीत. मशिन घेताना 'निम्मे आधी, निम्मे चालू झाल्यावर' असा व्यवहार करायची मालकांना सवय असते, तीच ते इथे लावतात.

नेमणूकपत्र वाचायची माझी एक सवय आहे. मी शेवटच्या कलमापासून सुरू करतो. समजा ९५ व्या दिवशी काम थांबलं. त्या दिवशी कुणाचे कुणाकडे किती पैसे निघतात आणि कुठले कागद कुणाचे, हे पत्र हातात धरून दहा मिनिटांत सांगता आलं पाहिजे. तुमच्या पत्रावरून ते सांगता येत नाही. आणि ते सांगता यावं म्हणून जे जे लिहावं लागतं, त्यातूनच कामाची यादी, हप्ते आणि मालकी ही तिन्ही कलमं आपोआप नीट होतात.

आधी तुमच्याच आकड्यांकडे बघू. ४० दिवसांचे ४ लाख ८० हजार, म्हणजे दिवसाला १२ हजार. आगाऊ मिळणारे १ लाख ४४ हजार म्हणजे बारा दिवसांचे पैसे. तेराव्या दिवसापासून तुम्ही उधारीवर काम करताय, आणि ती उधारी ३ लाख ३६ हजारांपर्यंत चढणार आहे. ती वसूल व्हायची अट तुमच्या हातात आहे का? सर्टिफिकेट देते प्रमाणन संस्था. ती आधी स्टेज १ मध्ये तयारी बघते, मग स्टेज २ मध्ये प्रत्यक्ष ऑडिट करते. सल्ला आणि प्रमाणन एकाच संस्थेने करायचं नाही हा तर त्या धंद्याचा पायाच आहे. त्यामुळे निकालावर तुमचं वजन चालत नाही, चालूही नये. शिवाय ऑडिटर जे बघतो त्यातलं निम्मं मालकांच्या खिशातून होतं: धुण्याच्या विभागातली उखडलेली फरशी, खिडक्यांना जाळ्या, पाण्याची तपासणी, मेटल डिटेक्टर आणि तो रोज तपासायचे लोखंडाचे, बिगरलोखंडी धातूचे नि स्टेनलेस स्टीलचे तुकडे. तुम्ही हे सगळं अहवालात लिहू शकता, फरशी बसवू शकत नाही.

मी स्वतः यात पोळलो आहे. एका मसाला युनिटचं काम होतं, ४० टक्के फी सर्टिफिकेटवर. माझे कागद पाचव्या महिन्यात पुरे झाले. ड्रेनेजचं काम मालकांनी 'दिवाळीनंतर' म्हणून ढकललं, मग 'मार्चनंतर'. माझं शेवटचं बिल चौदा महिने लटकलं आणि मला कुणाला दोषही देता येईना, कारण अट मीच मान्य केली होती.

म्हणून पहिला बदल हा: हप्ता अशा गोष्टीला बांधा जी तुम्ही स्वतः पुरी करून पाठवू शकता आणि जिची तारीख ईमेलमध्ये दिसते. तुमच्या कामाचे मी असे पाच हप्ते पाडले असते. पत्रावर सही झाल्यावर, काम सुरू करण्याआधी, २० टक्के म्हणजे ९६ हजार. सध्याची स्थिती आणि मानकाची अपेक्षा यांतल्या तफावतीचा अहवाल, ज्याला आपण गॅप रिपोर्ट म्हणतो, तो दिल्यावर ९६ हजार. अन्नातले धोके कुठे नि कसे रोखायचे याचा एचएसीसीपी आराखडा आणि कार्यपद्धती म्हणजे एसओपी दिल्यावर ३० टक्के, १ लाख ४४ हजार. कामगारांचं प्रशिक्षण आणि अंतर्गत ऑडिटचा अहवाल झाल्यावर ९६ हजार. उरलेले ४८ हजार, म्हणजे १० टक्के, स्टेज २ मध्ये निघालेल्या त्रुटींची उत्तरं तुम्ही तयार करून दिल्यावर, किंवा अंतर्गत ऑडिटच्या अहवालानंतर ६० दिवसांनी, यांतलं जे आधी होईल तेव्हा.

हे शेवटचं 'जे आधी होईल' विसरू नका. मालकांना तुम्ही शेवटपर्यंत सोबत राहाल अशी खात्री हवी असते, आणि ती मागणी रास्त आहे. त्यासाठी १० टक्के अडकवून ठेवायला माझी हरकत नाही. पण त्यांनी ऑडिटची तारीखच घेतली नाही तर ते पैसे कायमचे अडकू नयेत. पत्रात 'सर्टिफिकेट मिळवून देणे' हे शब्द कुठेही राहू देऊ नका. त्याजागी 'प्रमाणन ऑडिटसाठी खालील कागदपत्रं आणि प्रशिक्षण देणे' असं लिहा, आणि प्रमाणन संस्थेची फी कंपनी परस्पर भरेल हेही.

आता कामाची यादी. 'आयएसओ २२००० साठी संपूर्ण मार्गदर्शन' या चार शब्दांत पुढची तीन वर्षं मावतात. यादी मोजता येईल अशी हवी. एचएसीसीपी आराखडा एक, बेदाण्याच्या कोणत्या लाइनचा ते लिहून. त्यात आवक, गंधकाची धुरी, देठ काढणं, धुणं, निवड, मेटल डिटेक्टर, पॅकिंग हा सगळा प्रवाह. एसओपी १४, त्यांची नावं परिशिष्टात. प्रशिक्षण तीन सत्रं, दोन-दोन तासांची, मराठीत. युनिटला भेटी १६. सतराव्या भेटीपासून दिवसाचा दर १२ हजार. दिवसाचा दर पत्रात असणं फार उपयोगी पडतं, पुढे हिशेबात ते दिसेलच.

यादीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे 'दिलं' आणि 'स्वीकारलं' यांतलं अंतर. घरच्या उद्योगात मसुदा थोरल्या भावांकडे जातो, ते म्हणतात धाकट्यांना दाखवा, धाकटे म्हणतात प्रॉडक्शन मॅनेजर बघतील, आणि मॅनेजर म्हणतात अण्णांना विचारून सांगतो. कुणी नाही म्हणत नाही, कुणी हो म्हणत नाही. यासाठी मी जवळपास हेच वाक्य गेली अनेक वर्षं वापरतोय:

"प्रत्येक मसुदा कंपनीच्या नेमलेल्या एका व्यक्तीला ईमेलने दिला जाईल. १० कामाच्या दिवसांत लेखी आणि नेमक्या सूचना न आल्यास तो स्वीकारला असं मानलं जाईल. सूचनांनुसार दोन वेळा दुरुस्ती फीमध्ये समाविष्ट आहे. त्यापुढची दुरुस्ती, किंवा कंपनीने प्रक्रिया, यंत्र वा जागा बदलल्यामुळे करावी लागणारी दुरुस्ती, दिवसाच्या दराने."

यातला 'नेमक्या' हा शब्द कामाचा आहे. 'अजून डिटेल हवं' ही सूचना नव्हे. 'एसओपी ६ मध्ये रात्रपाळीत मेटल डिटेक्टर कोण तपासणार ते लिहिलेलं नाही' ही सूचना. आणि चूक तुमचीच असेल तर ती किती वेळाही निस्तरा, तिथे दोनची मर्यादा दाखवू नका. पैसे मोजायचे ते त्यांनी लाइन बदलली तेव्हा.

मालकीच्या कलमावर जरा जास्त थांबतो, कारण तिथे तुमचं पत्र दोघांच्याही दृष्टीने कच्चं आहे. नोकरीत असताना तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक एसओपीची मालकी कंपनीची होती, कारण कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारा असतो. सल्लागार नोकर नसतो. पैसे घेऊन लिहून दिलं तरी त्या लेखनाचा पहिला मालक तुम्हीच. कंपनीकडे मालकी जायची तर कलम १९ प्रमाणे तुमच्या सहीचं लेखी हस्तांतर लागतं, आणि त्यात कोणतं लेखन, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी हे लिहावं लागतं. काळ लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणजे मालकांच्या 'सर्व मालकी कंपनीची' या ओळीतून त्यांना वाटतं तेवढं मिळतच नाही. हे त्यांना सांगा. कलम बदलायची गरज त्यांचीही आहे हे कळलं की बोलणं सोपं जातं.

तुमच्या बाजूने त्या ओळीत दोन धोके आहेत. पुढे तयार व्हायच्या लेखनाचं हस्तांतर ते लेखन तयार होताच लागू होतं. त्यामुळे नुसतं 'मालकी कंपनीची' असं लिहून सही केली, तर मसुदा पूर्ण झाला की तो त्यांचा. पैसे आले नाहीत तर तुमच्या हातात फक्त येणं उरतं. दुसरा धोका 'सर्व' या शब्दात. १८ वर्षांत जमवलेले तुमचे नमुने, चेकलिस्ट, धोका-विश्लेषणाचा तक्ता, प्रशिक्षणाच्या स्लाइड्स याही त्यात ओढल्या जातात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे त्या वापरताना तुम्हीच चोर ठरता.

म्हणून कागदांचे तीन ढीग करा. जे कंपनीचं आहे ते कंपनीचं: प्रक्रियेची माहिती, पुरवठादारांच्या याद्या, तपासणी अहवाल, युनिटचे नकाशे आणि फोटो. ते गोपनीय ठेवायचे आणि काम संपल्यावर परत करायचे किंवा पुसून टाकायचे. दुसरा ढीग तुमचा आधीपासूनचा. त्यावर मालकी तुमचीच, कंपनीला त्या पत्त्यावरच्या युनिटमध्ये कायम वापरायचा लेखी परवाना, मात्र बाहेर कुणाला द्यायचा नाही. तिसरा ढीग या कामासाठी नव्याने केलेला: त्या लाइनचा आराखडा, त्या १४ एसओपी, गॅप रिपोर्ट. त्याची मालकी पूर्णपणे द्या, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, पण 'त्या त्या हप्त्याची संपूर्ण रक्कम मिळाल्यावर'. कायद्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे: घेणाऱ्याने हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर हस्तांतर संपतं, वेगळं ठरलेलं नसेल तर. 'न वापरल्याने हस्तांतर संपणार नाही' एवढं वाक्य मालकांसाठी घाला. त्यांच्या बाजूचं एक वाक्य तुम्हीच सुचवलंत की बाकीच्यांवर घासाघीस कमी होते.

एक व्यवहाराची गोष्ट. मालकीचं कलम कितीही पक्कं असलं तरी एसओपी भिंतीवर लागली की ती परत घ्यायला तुम्ही जाणार नाही, जाऊही नये. माणसं तो माल खाणार आहेत. त्यामुळे खरा ताबा फाइलचा. स्वीकृतीपर्यंत पीडीएफ, प्रत्येक पानाच्या तळाला 'मसुदा' आणि तारीख. हप्ता जमा झाला की संपादन करता येणारी फाइल. मी हे पत्रातच लिहितो, म्हणजे ऐन वेळी अडवणूक केल्यासारखं वाटत नाही.

आता थांबण्याचं कलम. ७ दिवस फारच थोडे आहेत आणि हक्क एकाच बाजूला आहे. दोन्ही बाजूंना ३० दिवस मागा. समोरच्याने अट मोडली असेल तर आधी लेखी कळवून १५ दिवस सुधारायला द्यायचे, मग थांबवायचं. पण माझा अनुभव असा की सांगलीकडे कुणी सल्लागाराला 'थांबा' म्हणत नाही. काम झोपतं. फेब्रुवारी उजाडला, द्राक्षं उतरायला लागली, शेडवर माल आला की एप्रिलपर्यंत तुमचा फोन कोण उचलणार? म्हणून थांबण्याइतकंच झोपण्याचं कलम लिहा: "कंपनीच्या कारणाने सलग ४५ दिवस काम पुढे सरकलं नाही, तर तोवर झालेल्या कामाची रक्कम लगेच देय होईल, पुन्हा सुरुवात करताना नवं वेळापत्रक दोघे ठरवतील." आणि बिल मुदतीनंतर १५ दिवस थकलं तर भेटी थांबवायचा हक्क तुम्हाला असावा, करार न मोडता. करार मोडणं हा मोठा घाव आहे; भेट पुढे ढकलणं पुष्कळदा पुरतं.

झालेल्या कामाची रक्कम कशी काढायची हेही पत्रातच असू दे. तिसऱ्या हप्त्याचे १ लाख ४४ हजार मी फोडून लिहिले असते: आराखड्याचे ६० हजार, १४ एसओपींचे प्रत्येकी ६ हजार म्हणजे ८४ हजार. आता तो ९५ वा दिवस घ्या. पहिले दोन हप्ते मिळालेत, १ लाख ९२ हजार. आराखडा दिलाय, एसओपी नऊ दिल्यात. झालेलं काम: ९६ अधिक ९६ अधिक ६० अधिक ५४, एकूण ३ लाख ६ हजार. बाकी १ लाख १४ हजार. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्क्यांचे २०,५२० वर. व्यावसायिक फीवरचा १० टक्के टीडीएस जीएसटी वगळून कापतात, तो ११,४००. खात्यात येणार १ लाख २३ हजार १२०. शिवाय दहावी-अकरावी एसओपी अर्धी झाली असेल तर तिथे दिवसाचा दर लागतो. हिशेब संपला, भांडायला काही उरलं नाही.

हाच दिवस मालकांच्या पत्रावर मांडा. हातात १ लाख ४४ हजार, आणि उरलेल्याबद्दल पत्र गप्प. करार कायद्याच्या कलम ७० मध्ये फुकट न केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा असं आहे, पण तुम्ही स्वतः 'सर्टिफिकेट आल्यावर' असं मान्य केलेलं असताना त्यावर दावा लावणं म्हणजे १ लाख ६२ हजारांसाठी सांगली कोर्टाच्या तारखा.

'सर्व करांसह' हे शब्दही काढा. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, म्हणून पहिल्या वर्षी कदाचित नोंदणी लागणार नाही. पण कामं वाढून मध्येच नोंदणी घ्यावी लागली, तर संपूर्ण ४ लाख ८० हजारांवर कर बसल्यास त्यातले ७३ हजारांवर रुपये सरकारचे, तुमचे उरतात जेमतेम ४ लाख ७ हजार. 'फी अधिक लागू असल्यास जीएसटी' एवढंच लिहा.

सही करण्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या; ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि सल्लागारही सूक्ष्म उद्योगात बसतो. नोंदणीचा क्रमांक पत्रात आणि बिलावर घाला. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. ते व्याज मी आजवर कुणाकडून घेतलेलं नाही. उपयोग दुसरीकडेच होतो: मुदत ओलांडलेलं असं बिल कंपनीला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरता येतं. त्यामुळे मार्च आला की त्यांचे सीए स्वतःच तुमचं बिल काढायला लावतात.

मुद्रांकाचं थोडक्यात: १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आणू नका. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना ५०० चा झाला, आणि रकमेच्या व हक्क हस्तांतराच्या करारांना काही वेळा टक्केवारीने जास्त लागतो. मसुदा पक्का झाला की वकिलाकडून तेवढं विचारून घ्या. मुद्रांक कमी पडला तर कोर्टात पत्र पुढे करताना फरक आणि दंड भरावा लागतो. पत्र मराठीत असलं तरी चालतं. मालकांना वाचून कळेल अशा भाषेत असलेलं मला जास्त आवडतं.

पुढच्या मसुद्यात बहुधा एक नवं वाक्य येईल: 'तालुक्यात दुसऱ्या बेदाणा युनिटचं काम दोन वर्षं घ्यायचं नाही.' काम चालू असेपर्यंत मान्य करा. संपल्यानंतरचं बंधन करार कायद्याच्या कलम २७ ने तसंही टिकत नाही. पण टिकत नाही म्हणून सही करू नका, तासगावात बेदाण्याचीच युनिटं आहेत आणि तोंडी वाद तुम्हालाच महागात पडेल. त्याऐवजी गोपनीयतेचं कलम कडक करून द्या, त्यांची भीती खरी तीच असते.

हे सगळं लाल शाईने भरून परत पाठवू नका. युनिटवर जा, चहा घ्या आणि त्या ९५ व्या दिवसाचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. तो त्यांनाही पटतो, कारण तुम्ही आठ दिवसांत पळून गेलात तर त्यांनी काय द्यायचं याचंही उत्तर त्याच कागदावर असतं. ते अर्ध्यावर तयार झाले तर पाच हप्ते, १० दिवसांची स्वीकृती आणि पैसे मिळाल्यावर मालकी एवढं धरून ठेवा. नोटिशीचे ३० चे १५ दिवस केले तर चालतील, आगाऊ २० टक्क्यांवरून १५ वर आलात तरी चालेल. पण सर्टिफिकेटवरचा हप्ता १० टक्क्यांच्या वर जात असेल, किंवा त्याला ६० दिवसांची कड लावू देत नसतील, तर फक्त गॅप रिपोर्टचं वेगळं छोटं पत्र करा, ९६ हजारांचं, निम्मे आधी. फरशी कधी होते ते बघा, मग पुढच्या पत्राचं बोला.